अमावास्येनंतर बघू

अनंत चतुर्दशीला गणपती गेले, पितृपंधरवडा लागला, तरी दुचाकीच्या शोरूममध्ये चौकशी थांबत नाही. चावी घ्यायला मात्र फारसं कोणी येत नाही. "अमावास्येनंतर बघू," असं सांगून लोक जातात आणि सेल्समन नावापुढे 'इंटरेस्ट नाही' लिहून मोकळा होतो. घोटाळा तिथेच होतो. गिऱ्हाइकाने नकार दिलेला नसतो, तारीख दिलेली असते. सर्वपित्री अमावास्या संपली की घटस्थापना, आणि पाठोपाठ दसरा.

बहुतेक घरांत टाळलं जातं ते नवी वस्तू घरात आणणं. गाडी चालवून बघायला, रंग ठरवायला, कर्जाची कागदपत्रं जमवायला सहसा कोणी हरकत घेत नाही. पैसे देण्याबाबत मात्र घराघरांत फरक असतो. कोणी टोकन देतं, कोणी रुपयाही काढत नाही. म्हणून गृहीत न धरता विचारावं:

"नमस्कार. आपण पाहिलेली निळी स्कूटर कोणत्या दिवशी घ्यायची आहे ते कळवा. लगेच हवी असल्यास लगेच देऊ, दसऱ्याला हवी असल्यास त्या दिवसासाठी राखून ठेवू. राखून ठेवायला आत्ता पैसे भरावे लागणार नाहीत. बिलावर कोणती तारीख हवी, तेही सांगा."

यात पितृपक्षाचा उल्लेखही नाही. यादीत श्राद्ध न करणारी घरंही असतात, आणि ज्यांच्या घरी यंदाच कोणी गेलं आहे अशीही. 'पितृपक्ष धमाका' या दुसऱ्या घरात कसा वाचला जाईल? 'शास्त्रात असं कुठे लिहिलंय' हा युक्तिवादही नको. तो खरा असला तरी स्कूटर विकणाऱ्याने तो करू नये.

बिलाची तारीख विचारायला कारण आहे. बिल, विमा, कर हे सगळं झाल्यावर नोंदणी होते. दसऱ्याची गर्दी टाळायला शोरूमने न विचारता पंधरवड्यातच बिल फाडलं, तर चावी दसऱ्याला मिळूनही कागदांवर नको ती तारीख पडते. घरातली वडीलधारी माणसं नेमकी तीच वाचतात. उलट सगळं दसऱ्यावर ढकललं, तर गाडी वेळेत नोंदवून होईलच असं नाही. घटस्थापनेनंतर एक-दोन दिवसांत बिल आणि दसऱ्याला चावी, हा मार्ग बऱ्याच जणांना पटतो.

आणि थांबण्याचं कारण दरवेळी श्रद्धाच असतं असंही नाही. 2025 मध्ये जीएसटीची कपात सप्टेंबरच्या सुरुवातीला जाहीर झाली आणि 22 सप्टेंबरला, नेमकी घटस्थापनेच्या दिवशी, लागू झाली. 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर 28 टक्क्यांवरून 18 वर येणार होता. त्या पंधरवड्यात "नंतर बघू" म्हणणाऱ्यांत पितरांसाठी थांबलेले किती आणि दरासाठी किती, हे कुणालाच सांगता आलं नसतं. दोघांनाही एकच मेसेज चालला असता: 22 तारखेपासूनची ऑन-रोड किंमत, हिशेबासह.