नाव शेवटी यावं

माझ्या आजीने आजोबांना हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. घरात ते 'हे' होते, पाहुण्यांपुढे 'आमच्याकडचे' होते. रेशनकार्डाचा फॉर्म भरताना कुणी घरधन्याचं नाव विचारलं, तर ती शेजारी उभ्या असलेल्या काकाला कोपराने ढोसायची आणि काका नाव सांगायचा. नवऱ्याचं नाव बायकोने उच्चारलं की त्याचं आयुष्य कमी होतं, अशी तेव्हाची समजूत. हीच आजी हळदीकुंकवाला चारचौघीत बसली आणि कुणी "नाव घ्या" म्हटलं, की मान किंचित खाली घालून दोन ओळी म्हणायची. त्या दोन ओळींत आजोबांचं नाव ठसठशीत यायचं. तेवढ्यापुरती मुभा असे.

उखाणा समजून घ्यायचा तर सुरुवात इथून करावी लागते. 'उखाणा' म्हणजे कोडं, हाही या शब्दाचा मराठीतला जुना अर्थ. गुजरातीत 'उखाणुं' म्हणजे कोडंच. नाव घेण्याच्या प्रकाराला कोड्याचं नाव मिळालं, यात मला मोठी समज दिसते. कोड्यात उत्तर दडवलेलं असतं आणि ऐकणाऱ्याने ते शोधायचं असतं. उखाण्यात उत्तर सगळ्यांना आधीपासून ठाऊक असतं, नवऱ्याचं नाव पत्रिकेवर छापलेलं असतं. तरीही मांडव कान देऊन ऐकतो, कारण जे एरवी उच्चारायचं नाही ते आता उच्चारलं जाणार असतं. पहिली ओळ कसलीही असली तरी चालून जायची. चांदीचं ताट, तुळशीवृंदावन, महादेवाची पिंड, यमक जुळलं की पुरे. ओळीला वजन होतं ते त्या बंदीचं.

आता ती बंदी राहिली नाही. माझी भाची साखरपुड्याच्या आधीपासून होणाऱ्या नवऱ्याला दिवसातून वीसदा नावाने हाक मारत होती. मग मांडवात त्याच नावासाठी सगळ्यांनी थांबून का ऐकावं? आजच्या उखाण्यापुढचा खरा प्रश्न हा आहे. माझं उत्तर असं, की गंमत आता ओळींच्याच बांधणीतून यायला हवी. उखाण्याने पुन्हा कोडं व्हावं. पहिल्या ओळीने उत्सुकता जागी करावी आणि नाव हे तिचं उत्तर म्हणून शेवटी यावं.

हे मला कळलं ते लग्नाच्या चार दिवस आधी, भाची वही घेऊन माझ्याकडे आली तेव्हा. नवऱ्या मुलाचं नाव समीर. "मावशी, मला ते ठरावीक नको. लोक हसले पाहिजेत," ती म्हणाली. तिने चार-पाच उखाणे जमवून आणले होते. मी तिला एकच करायला सांगितलं: प्रत्येक उखाण्यात समीरच्या जागी तिच्या ताईच्या नवऱ्याचं नाव घालून बघ. सगळे तसेच्या तसे चालले, एकाचंही काही बिघडलं नाही. ज्या उखाण्यात कुणाचंही नाव बसतं, तो कुणाचाच नसतो.

मग वहीच्या पानावर आम्ही 'समीर' लिहिलं आणि त्याखाली यमकं. 'ईर' या आवाजाने संपणारे, घरात बोलले जाणारे शब्द: खीर, धीर, उशीर, कोथिंबीर, अबीर. हे काम आधी करावं. बहुतेक जण पहिली ओळ सुचेल तशी लिहितात आणि मग नावाशी झटापट करत बसतात. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे घेते-देते, करते-भरते ही यमकं फुकट मिळतात, आणि फुकट मिळतात म्हणूनच कानाला काही देत नाहीत. नामाला नाम भिडलं, तेही विशेषनाम, की कान टवकारतात. सगळ्याच नावांना असे जोडीदार मिळत नाहीत. चिन्मयला 'सवय' मिळते, ऋत्विजला शोधून दमायला होतं. तसं असेल तर नाव ओळीच्या मध्ये ठेवून दुसऱ्या शब्दावर यमक साधावं. नाव मोडून-वाकवून बसवलं तर लोकांना ओढाताणच ऐकू येते.

यादी समोर ठेवून मी भाचीला विचारलं, "यातला कुठला शब्द समीरचा आहे?" ती लगेच म्हणाली, "उशीर." कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला हा मुलगा दीड तास उशिरा आला होता. रस्त्यात एका म्हाताऱ्या रिक्षावाल्याची रिक्षा बंद पडली होती, तिला धक्का मारत तो गॅरेजपर्यंत गेला होता. आल्यावर शर्टावर काळे डाग. दोन्ही घरांत ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. उखाण्याला असाच ऐवज लागतो: मांडवातल्या लोकांना ठाऊक असलेला, आणि फक्त याच माणसाचा.

तिने पहिला खर्डा केला:

कांदेपोह्यांना सगळ्यांनी किती धरला धीर,
समीररावांच्या घड्याळात मात्र कायमच उशीर.

यमक बरोबर, शब्द स्वच्छ. माझी बहीण ऐकून हसली आणि लगेच गप्प झाली. "हे सासूबाईंसमोर म्हणशील?" तिने विचारलं. खोट कुठे होती ते त्या प्रश्नाने दाखवलं. उखाण्याचा शेवटचा शब्द लोकांच्या कानात राहतो. इथे शेवटी राहत होता तो उशीर, म्हणजे तक्रार. समीर मध्येच येऊन गेला होता. शिवाय 'कायमच' या शब्दाने एका दिवसाची गंमत त्याच्या स्वभावावर चिकटली होती. सुनेने पहिल्याच दिवशी भर मांडवात मुलाचं व्यंग मोजून दाखवलं, असं कुणालाही वाटलं असतं. थट्टेचा उखाणा तपासायची माझी कसोटी एकच आहे: ज्याच्यावर विनोद आहे, तो सगळ्यांत आधी हसेल का?

मी म्हटलं, "जोडी उलटी कर. उशीर वर ने, समीर खाली आण. आणि त्या दिवशी तू काय करत होतीस ते सांग." ती म्हणाली, "काय करणार? पोहे परत परत गरम करत होते." उखाणा तिथेच झाला:

पोहे दोनदा गरम केले, झाला इतका उशीर,
तिसऱ्यांदा गॅस पेटवला, तेव्हा आला समीर.

प्रसंग तोच, यमकाची जोडी तीच, पण अर्थ पालटला. पहिल्या खर्ड्यात ती त्याच्याबद्दल बोलत होती, दुसऱ्यात स्वतःबद्दलही बोलते आहे. तो उशिरा आला हे जितकं त्यात आहे, तितकंच तिने वाट पाहिली हेही आहे. कुणी दोनदा पोहे गरम करून तिसऱ्यांदा गॅस पेटवतं, तेव्हा त्यात राग नसतो. 'प्रेम' हा शब्द न वापरता प्रेम सांगून झालं. आणि नाव अगदी शेवटी आलं: इतका वेळ कोण आलं नव्हतं, याचं उत्तर म्हणून.

या दोन ओळींत दोन गोष्टी गळल्या. एक, 'नाव घेते'. हे दोन शब्द उखाण्यात भरीचे म्हणून येतात. त्यांचा एक उपयोग आहे: गोंगाटात लोकांना कळतं की आता नाव येणार, आणि म्हणणारीला श्वास घ्यायला जागा मिळते. पण कोडं घालताना 'आता उत्तर सांगते' म्हटलं, तर कोडं तिथेच संपतं.

दुसरी गोष्ट 'राव'. समीरराव म्हटलं की यमक गेलं. माझी आई, म्हणजे भाचीची आजी, नाराज झाली. "नावाला राव लाव ग, चारचौघांत बरं दिसतं." मला तिचं म्हणणं कळत होतं. त्या दोन अक्षरांनी पिढ्यान् पिढ्या आदर वाहिला. पण मला दुसरंही आठवलं. पूर्वी गृहप्रवेशानंतर ताटातल्या तांदळावर नवरा अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचा, आजही काही घरांत लिहितात. तिचं नाव तो बदलू शकायचा, त्याचं नाव ती उच्चारूही शकत नव्हती. भाचीच्या लग्नात तांदळावर तिचं माहेरचंच नाव लिहायचं ठरलं होतं. मग मांडवात त्याचं नाव तिच्या रोजच्या हाकेसारखं यावं, हे मला योग्य वाटलं. आई थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग घरात शिरताना तरी राव लाव." भाचीने ते कबूल केलं. नणंदेने दार अडवल्यावर म्हणायला तिने रावांसकट एक साधा, सोज्वळ उखाणा पाठ केला. दोन्ही प्रसंगांत ऐकणारी माणसं वेगळी असतात, हे आईला आमच्यापेक्षा आधी कळलं होतं.

शेवटची तयारी म्हणण्याची. ओळी पानावर कितीही छान दिसल्या तरी उखाणा हवेत जगतो. सनई, भांड्यांचा आवाज, पंगतीची गडबड, यात पहिली ओळ अर्धी हरवते. म्हणून आम्ही स्वयंपाकघरात मिक्सर चालू ठेवून म्हणून पाहिलं. प्रत्येक ओळ एका श्वासात बसत होती. 'पोहे' आणि 'गॅस' हे दोन शब्द जरी कानावर पडले तरी चित्र उभं राहत होतं. मी तिला एवढंच बजावलं, की 'तेव्हा आला' म्हटल्यावर थांब. मनात दोन आकडे मोज. मग नाव घे.

लग्नात घास भरवायची वेळ आली. समीरच्या हातात जिलबीचा तुकडा, भोवती गराडा. भाचीने सुरुवात केली. "पोहे दोनदा गरम केले" म्हणताच समीरने कपाळावर हात मारला आणि हसू लागला. त्याच्या मागे उभ्या सासूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. "तिसऱ्यांदा गॅस पेटवला, तेव्हा आला…" भाची थांबली. ती दोन आकडे मोजत असतानाच अख्ख्या पंगतीने एका आवाजात नाव घेतलं. उत्तर सगळ्यांना माहीत होतं, आणि तरीही ते सांगितल्यावाचून कुणाला राहवलं नाही. कोडं सुटल्याचा आनंद त्या आवाजात होता.

गलका ओसरेपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग तिने त्याच्याकडे बघितलं आणि हळू आवाजात, फक्त त्याला ऐकू जाईल असं, ते नाव पुन्हा एकदा घेतलं. माझ्या शेजारी आई बसली होती. राव नव्हता, पण तिने काही म्हटलं नाही. डोळे पुसत होती.