आपलं काय जातंय?

प्रतीक्षा यादीतला सहाव्या क्रमांकाचा मुलगा तीन दिवस फोन उचलत नव्हता. चौथ्या दिवशी वडिलांनी उचलला. मुलगा बंगळुरूला एका संस्थेत रुजू झाला होता, हॉस्टेलची खोली मिळाली होती, गादीसुद्धा घेऊन झाली होती. "मग नाव काढू का?" असं मी विचारलं. क्षणभर शांतता पसरली आणि मग उत्तर आलं, "राहू द्या ना सर. असू दे यादीत. आपलं काय जातंय?"

व्यवस्थापन पदविकेच्या एका संस्थेत मी काही वर्षं प्रवेश समितीचं काम केलं. जूनमध्ये हे वाक्य इतक्या घरांतून ऐकलं, की त्याचा हिशेब एकदा मांडावा असं वाटत राहिलं. वडिलांचं म्हणणं एका अर्थी खरं होतं, त्यांचं काहीच जात नव्हतं. जात होतं ते नवव्या क्रमांकाच्या मुलीचं, आणि तिला यांच्या मुलाचं नावही ठाऊक नव्हतं.

आधी यादी कशी चालते ते पाहू. संस्थेला मंजूर प्रवेशक्षमता असते. समजा ती साठ आहे. एकसष्टावा विद्यार्थी घेतला तर नियामकाकडून कारवाई होऊ शकते, त्यामुळे 'दहा जणांना पत्रं पाठवू, चार तरी येतीलच' असा अंदाजपंचे कारभार करता येत नाही. एक जागा रिकामी झाली की पत्र एकालाच जातं. त्याला फी भरायला मुदत द्यावी लागते. आमच्याकडे ती तीन दिवसांची होती. त्या तीन दिवसांत सातव्या क्रमांकाला काही सांगता येत नाही, कारण गप्प बसलेला सहावा शेवटच्या रात्री अकरा वाजता पैसे भरू शकतो. नकार आला तर घड्याळ तिथेच थांबतं आणि पुढच्याचं सुरू होतं. मौन पाळलं तर मात्र पूर्ण मुदत जाळावीच लागते.

आता आकडे घालू. जागा रिकामी झाली 23 जूनला. सहावा, सातवा आणि आठवा, तिघंही 15 जूनच्या आसपास दुसरीकडे रुजू झालेले, पण कळवलेलं कोणीच नाही. सहाव्याची मुदत 25 जूनला संपते, सातव्याची 28 जूनला, आठव्याची 1 जुलैला. नववीच्या हातात पत्र पडतं 2 जुलैला. तिघांनीही दुसरीकडे फी भरली त्याच दिवशी दोन ओळी लिहिल्या असत्या, तर तेच पत्र तिला 23 जूनलाच मिळालं असतं. मध्ये गेलेले नऊ दिवस कोणी वापरले नाहीत. कोणी विचारही करत नव्हतं, कारण तिघांचा निर्णय आधीच झालेला होता.

या नऊ दिवसांना किंमत असते आणि ती कागदावर लिहिलेली असते. ही मुलगी दरम्यान एका खासगी विद्यापीठात दोन लाख रुपये फी भरून बसली आहे आणि तिथली प्रवेशाची जाहीर अंतिम तारीख 10 जुलै आहे असं धरू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या अधिसूचनेत परताव्याचे टप्पे ठरवून दिले आहेत. अंतिम तारखेच्या पंधरा किंवा अधिक दिवस आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत मिळते. त्यातून प्रक्रियाखर्च म्हणून पाच टक्क्यांपर्यंत, पण जास्तीत जास्त पाच हजार रुपये कापता येतात. पंधरा दिवसांच्या आत आलात तर नव्वद टक्के. तारीख उलटल्यावर पंधरा दिवसांपर्यंत ऐंशी टक्के, त्यापुढे तीस दिवसांपर्यंत पन्नास, आणि मग शून्य. आयोग एखाद्या वर्षापुरती यापेक्षा सवलतही देतो, पण आपण मूळ टप्पेच धरू. 23 जूनला, म्हणजे सतरा दिवस आधी पत्र मिळालं असतं तर तिचे फार तर पाच हजार गेले असते. 2 जुलैला मिळालं तेव्हा आठच दिवस उरले होते, म्हणून वीस हजार गेले. वरचे पंधरा हजार तीन अनोळखी घरांच्या 'असू दे'मुळे. हॉस्टेलची आगाऊ रक्कम आणि खाणावळीचा महिना यात धरलेला नाही.

आणि हे ती आली असं गृहीत धरून. बहुतेकदा ती येतच नाही. 2 जुलैपर्यंत तिथे वर्ग सुरू झालेले असतात, खोलीतली मैत्रीण मिळालेली असते, वडील म्हणतात, "आता कुठे पुन्हा सामान हलवतेस?" मग आम्ही दहाव्याला फोन करतो. असं करत करत प्रवेशाची कायदेशीर शेवटची तारीख उलटली की ती जागा दोन वर्षं रिकामीच राहते, आणि यादीत वीस नावं असूनही ती भरता येत नाही.

इथे एक गल्लत टाळायला हवी. प्रतीक्षा यादीतलं नाव सोडल्याने जागा निर्माण होत नाही. जागा सोडतो तो प्रवेश घेतलेला विद्यार्थी. यादीतला विद्यार्थी सोडतो ती फक्त वाट. त्यामुळे "मला अजून कुठे जागा दिली आहे, मी काय सोडू?" हा प्रश्न वरकरणी बिनतोड वाटतो. पण हिशेब मांडल्यावर दिसतं, की वाट अडवणं हाच इथला सगळा खर्च आहे. म्हणून पत्राची वाट बघत बसायचं कारण नाही. पत्र येण्याआधी दिलेला नकार सगळ्यात कामाचा, कारण तो मुदतीचे तिन्ही दिवस वाचवतो.

हा पेच नवा नाही. 1962 साली डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी महाविद्यालयीन प्रवेश आणि विवाहाची स्थिरता या विषयावर एक छोटासा निबंध लिहिला. त्यांनी सुरुवातच अमेरिकेतल्या प्रतीक्षा यादीच्या गोंधळापासून केली होती. एका कॉलेजने घेतलेल्या आणि दुसऱ्या, अधिक आवडत्या कॉलेजच्या यादीत ताटकळणाऱ्या मुलाने काय करावं? पहिल्याला होकार देऊन दुसऱ्याचं बोलावणं आल्यावर तो मोडावा, हे नैतिक आहे का? प्रश्न नीतीचा होता, पण त्यांनी उत्तर दिलं ते रचनेचं. मुलांनी पसंतीक्रमाने अर्ज करत जावं, कॉलेजांनी चांगले अर्जदार तात्पुरते धरून ठेवावेत, बाकीच्यांना लगेच मोकळं करावं, आणि कोणालाही मोकळं करायचं उरलं नाही की सगळं पक्कं करावं. या रचनेत एका मुलाचं नाव एका वेळी एकाच ठिकाणी धरलेलं असतं, त्यामुळे सौजन्याची वेगळी गरजच पडत नाही. शॅप्ली यांना 2012 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामागे हेही काम होतं.

आपल्याकडे आयआयटी आणि एनआयटींचे प्रवेश 2015 पासून एकत्र होऊ लागले, ते याच जातीच्या पद्धतीने. त्याआधी दोन्हीकडच्या फेऱ्या वेगळ्या असायच्या आणि एकच मुलगा दोन्हीकडे जागा धरून बसू शकायचा. आता फ्रीज केलं की पुढच्या फेऱ्यांतून नाव आपोआप बाहेर पडतं, आणि फ्लोट करून वरची जागा मिळाली की खालची त्याच क्षणी सुटते. राज्याच्या कॅप फेऱ्यांतही पहिल्या पसंतीची जागा मिळाली की पुढचा मार्ग बंद होतो. (अशा ठिकाणी सौजन्याच्या भरात 'विथड्रॉ'चं बटण दाबू नये. तुमचं काम फ्रीजनेच झालेलं असतं, आणि विथड्रॉने हातातली जागाही जाते.)

अडचण उरते ती यंत्राच्या कक्षेबाहेर, म्हणजे व्यवस्थापन संस्थांच्या स्वतंत्र याद्या, कॅपनंतर उरलेल्या आणि संस्था स्तरावरच्या जागा, परदेशी विद्यापीठं अशा ठिकाणी. एका घराने सात कॉलेजांत सात अर्ज केलेले असतात आणि या सातांची एकमेकांशी ओळख नसते. तिथे यंत्राचं काम माणसाने करायचं असतं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मला रास्त वाटतो. हातची जागा पसंत नाही, यादीतली खरंच हवी आहे, मग थांबू नये का? जरूर थांबावं. रुजू झाल्यावरही थांबावं. यादी त्यासाठीच असते. मात्र स्वतःला एक रोखठोक प्रश्न विचारावा, की उद्या सकाळी दहा वाजता फोन आला तर संध्याकाळपर्यंत मी पैसे भरून निघेन का? उत्तर 'हो' असेल तर नाव राहू द्यावं. 'बघू, विचार करू' असेल, तर विचार आत्ताच करावा, कारण फोन आल्यावर केलेला विचार दुसऱ्याच्या वेळेतून होतो. आणि कित्येक घरांत उत्तर सरळ 'नाही' असतं, तरी नाव राहतं. त्याचं कारण मला फार उशिरा कळलं. ते नाव मिरवायला हवं असतं. "तिथेही झालं असतं हो, सहाव्या नंबरवर होता" हे लग्नकार्यात सांगताना बरं वाटतं. माझी हरकत नाही. नाव काढल्यावरही हे वाक्य खरंच राहतं.

दोष कॉलेजांचाही आहे. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवू नयेत असा आयोगाचा नियम असताना ती अडकवली, परताव्यासाठी चार चकरा मारायला लावल्या, की घर धास्तावतं आणि मिळेल ते धरून ठेवतं. धाकाने धरलेलं सहज सुटत नाही. आमच्या संस्थेतही नकार कळवायचा कुठे, हे पत्रात शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात होतं. ते वर आणून ठळक केलं, त्या वर्षापासून उत्तरं लवकर येऊ लागली.

कळवायला लागतं तरी काय? पोर्टलवर नकाराची सोय असेल तर आधी ती वापरावी आणि पडद्यावरची पोच जपून ठेवावी. नसेल तर अर्जात दिलेल्या ईमेलवरूनच लिहावं. पुष्कळ अर्ज नेट कॅफेत भरलेले असतात आणि त्यावर कॅफेवाल्याचाच ईमेल किंवा मोबाइल नंबर असतो. मग विद्यार्थ्याने स्वतःच्या पत्त्यावरून पाठवलेलं आम्हाला पडताळता येत नाही आणि पुन्हा दोन दिवस जातात. विषयाच्या ओळीत अर्ज क्रमांक आणि अभ्यासक्रम. मजकुरात एवढंच, की मी अन्यत्र प्रवेश घेतला आहे, प्रतीक्षा यादीतून माझं नाव कमी करावं, आभार. कुठे घेतला हे सांगायची सक्ती नाही. का घेतला हे तर नकोच. दीड पान माफी मागणारी पत्रं यायची आणि त्यात मुलगा येतोय की नाही हेच सापडायचं नाही. 'सध्या तरी माझा विचार दुसरीकडे आहे' असंही लिहू नये, कारण त्या 'सध्या तरी'मुळे आम्हाला नाव काढता येत नाही. आणि पत्र विद्यार्थ्याने स्वतः लिहावं. वडिलांच्या फोनवर आम्ही कोणाचाही हक्क रद्द करत नव्हतो.

त्या वडिलांना मी हा सगळा हिशेब सांगितला नाही, तेवढा वेळ नव्हता. इतकंच म्हणालो, "तुमच्या मुलाच्या मागे सातारची एक मुलगी आहे, ती तीन दिवसांपासून रोज सकाळी फोन करून विचारते." पलीकडे पुन्हा शांतता. मग मागे कोणाशी तरी बोलल्याचा आवाज आला. वीस मिनिटांनी मुलाचा ईमेल आला. त्यात अर्ज क्रमांक लिहायचा राहिला होता. तो आम्ही शोधून काढला.