लॉरिक आम्ल कोणत्या वाटेने जाते?

खोबरेल तेलावरचा आपला वाद दोन टोकांना जाऊन बसला आहे. 2018 साली जर्मनीतल्या एका प्राध्यापिकेने त्याला ‘निव्वळ विष’ म्हटले, तेव्हापासून एका बाजूला विष आणि दुसऱ्या बाजूला रोज सकाळी रिकाम्या पोटी दोन चमचे घ्यायचे अमृत, असे चालले आहे. विषाच्या आरोपाला फारसे उत्तर द्यायची गरज नाही. कोकणातली आमटी खाऊन कुणी तडकाफडकी दगावत नाही. ‘आमच्या आजोबांनी जन्मभर खाल्ले’ हाही पुरावा नव्हे, कारण आजोबा शेतात राबत होते आणि त्यांची रक्ततपासणी कुणी केली नव्हती.

विचार करायला हवा तो तिसऱ्या दाव्याचा, कारण त्याने विज्ञानाचे कपडे घातले आहेत. दावा असा: खोबरेलात 80 टक्क्यांहून अधिक संपृक्त मेद असला, तरी तो ‘मध्यम साखळी’चा आहे, असा मेद आतड्यातून थेट यकृतात जातो, तिथे लगेच जळतो आणि वजनही उतरवतो. म्हणून लोण्यातुपाचे नियम त्याला लावू नयेत.

यातला एक भाग खरा आहे. आठ आणि दहा कार्बनची मेदाम्ले, म्हणजे कॅप्रिलिक आणि कॅप्रिक, खरोखरच रक्तवाहिनीतून सरळ यकृतात पोचतात. पण खोबरेलात ती दोन्ही मिळून साधारण 13 ते 15 टक्केच असतात. जवळपास निम्मे तेल बारा कार्बनच्या लॉरिक आम्लाचे. रसायनशास्त्राच्या पुस्तकात लॉरिकही मध्यम साखळीतच मोजतात आणि दाव्याची सगळी इमारत या मोजणीवर उभी आहे. शरीर मात्र त्याला वेगळे वागवते. लॉरिकचा बहुतांश भाग लांब साखळीच्या मेदासारखाच कायलोमायक्रॉन नावाच्या कणांत बांधला जातो आणि लसिकेच्या वाटेने रक्तात उतरतो.

याची खूण रुग्णालयात दिसते. लसिकेची मुख्य नळी फुटून छातीत दुधाळ द्रव साचतो, तेव्हा नेहमीचा मेद बंद करून रुग्णाला ‘एमसीटी’ तेल देतात, कारण ते फुटलेल्या वाटेने जातच नाही. हे तेल बऱ्याचदा खोबरेलापासूनच बनते, पण त्यातले लॉरिक कारखान्यात वेगळे काढून. घरीही फरक कळतो. खोबरेल 24 अंशांच्या खाली गोठू लागते. आठ-दहा कार्बनचे एमसीटी तेल फ्रिजमध्येही पातळच राहते.

वजन उतरण्याचा पुरावा म्हणून दाखवले जातात ते कोलंबिया विद्यापीठातल्या मारी-पिएर सेंट-ऑन्ज यांचे प्रयोग. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात लोकांनी 16 आठवडे रोज 18 ते 24 ग्रॅम तेल घेतले. पण ते एमसीटी होते, खोबरेल नव्हे. तेवढी आठ-दहा कार्बनची आम्ले खोबरेलातून मिळवायची तर दिवसाला सुमारे दीडशे ग्रॅम तेल प्यावे लागेल. त्याच्या तेराशेहून जास्त कॅलरी होतात. वजन उतरायचे राहू द्या!

आता कोलेस्टेरॉल. 2020 साली ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात 16 प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण आले. शेंगदाणा, सूर्यफूल, ऑलिव्ह अशा तेलांच्या तुलनेत खोबरेलाने एलडीएल सरासरी 10 मिलिग्रॅमने वाढले आणि एचडीएल 4 ने. सर्वच प्रयोगांचा कौल सारखा नाही, हे मान्य. 2018 च्या एका ब्रिटिश प्रयोगात चार आठवडे रोज 50 ग्रॅम खोबरेल घेऊनही एलडीएल ऑलिव्हपेक्षा वाढले नव्हते. पण एका प्रयोगाने सोळांचा कल पुसला जात नाही. एचडीएलच्या वाढीवरही भिस्त ठेवता येत नाही: टॉरसेट्रापिब या औषधाने एचडीएल भरपूर वाढवले, तरी मृत्यू वाढल्याने 2006 मध्ये त्याची चाचणी थांबवावी लागली. एलडीएल का वाढते, हे मात्र ठाऊक आहे. संपृक्त मेदामुळे यकृताच्या पेशींवरचे एलडीएल उचलणारे ग्राही मंदावतात आणि एलडीएल रक्तात रेंगाळते.

हिशेब सोपा आहे. दिवसाला दोन हजार कॅलरी खाणाऱ्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेनुसार संपृक्त मेदाचे 22 ग्रॅम पुरतात. खोबरेलाचे दोन मोठे चमचे, म्हणजे सुमारे 27 ग्रॅम, एवढ्यानेच ती मर्यादा संपते. दूध, तूप, मटण अजून ताटात यायचे आहे. फोडणीपुरते खोबरेल चवीसाठी घ्यावे, त्याला माझा आक्षेप नाही. औषध म्हणून चमचे मोजणाऱ्याने मात्र आधी लिपिड प्रोफाइल करावे, बाकी आहार आणि गोळ्या न बदलता सहा आठवड्यांनी पुन्हा करावे आणि एलडीएलचे दोन आकडे शेजारी ठेवावेत. साखळीत कार्बन किती, हे बाटलीवरच्या जाहिरातीने ठरवू नये. मेद लसिकेतून गेला की थेट यकृताकडे, यावर तो लगेच जळतो का हे ठरते, आणि लॉरिकची वाट बहुतांशी लसिकेचीच आहे.