मण किती किलोचा?

पंचवीस वर्षं मी पाट्या रंगवल्या. अर्ध्या नवापूरकडच्या मराठीत, अर्ध्या उच्छल-सोनगडकडच्या गुजरातीत. नवापूरचं स्टेशनच दोन राज्यांत विभागलेलं आहे, तेव्हा हद्दीवरच्या पेंटरनं एकाच लिपीवर पोट भरायचं म्हटलं तर उपाशी मरेल. गुजराती अक्षर मला सोपं गेलं. डोक्यावरची रेघ काढली की निम्मं काम झालं, असं मी तेव्हा समजत होतो.

शुद्धलेखनानं मात्र मला पहिली दोन वर्षं दर महिन्याला तोंडघशी पाडलं. मराठीत आपण ‘मिठाई’ लिहितो, पहिली वेलांटी ऱ्हस्व. गुजरातीत ‘मीठाई’, दीर्घ. आपला ‘रुपया’ ऱ्हस्व, त्यांचा ‘रूपियो’ दीर्घ. ‘लिंबू’ तर पार उलटं. आपल्याकडे पहिलं ऱ्हस्व आणि शेवटचं दीर्घ, त्यांच्याकडे ‘लींबु’. शब्दाच्या शेवटचा उकार आपण दीर्घ काढतो, ते ऱ्हस्व काढतात, म्हणून काजूचं ‘काजु’ होतं. त्यात पुन्हा कित्येक नपुंसकलिंगी शब्दांच्या शेवटच्या उकारावर अनुस्वार हवा. ‘जीरुं’, ‘मरचुं’, ‘मीठुं’. मराठी हातानं लिहिताना तो टिंब हमखास सुटतो. मोजायच्या वस्तूला आपण ‘नग’ म्हणतो, ते ‘नंग’ म्हणतात. एकदा चुकून नवापूरच्या दुकानावर ‘नंग’ लिहून बसलो, तर मालकानं पैसे दिले पण आठवडाभर गिऱ्हाइकांकडून हसून घेतलं.

हे सगळं मला शिकवलं सोनगडकडच्या एका निवृत्त मास्तरांनी. त्यांना सगळे ‘साहेब’ म्हणत. त्यांच्याकडे गुजरात विद्यापीठाचा जोडणीकोश होता. तो पहिल्यांदा 1929 साली निघाला. तो निघाल्यावर मनाला येईल तसं लिहायचा हक्क आता कुणाला नाही, असं खुद्द गांधीजींनी बजावलं होतं, ही गोष्ट साहेब दर वेळी सांगत. मग 1999 साली उंझ्याला परिषद भरली आणि काही जाणत्या लोकांनी ठरवलं, की एकच ई ठेवा, दीर्घ, आणि एकच उ ठेवा, ऱ्हस्व. साहेब खवळले. मला मात्र आतून बरं वाटलं. शिकलेली माणसंच आपसांत भांडतायत, तर आपण कुणाची चूक काढायची ती जरा दमानं काढावी, असं मनात आलं.

पण दम कुठला? चुका दिसायला लागल्या की हात शिवशिवतो. वाटेवर एका मासीचं लहान दुकान होतं. चहा, भजी, थोडं किराणा. खोक्याच्या पुठ्ठ्यावर तिनं भाव लिहून टांगलेले. जीरु, मीठु, दुध, लिंबु. सगळे टिंब गायब, वेलांट्या-उकार उलटसुलट. तेल ‘1 पळी’, मिरची ‘पा’. चहा उकळेपर्यंत मी खिशातलं लाल पेन काढलं आणि सहा ठिकाणी दुरुस्त केलं. चार गिऱ्हाइकं बघत होती. मला वाटलं, उपकार केला.

पुढच्या आठवड्यात गेलो तर पुठ्ठा नव्हता. विचारलं, तर मासी कढईतून मान वर न करता म्हणाली, “भूलवाळुं शुं काम लटकाववुं, भाई?” चुकलेलं कशाला टांगून ठेवायचं. त्यानंतर तिच्याकडे भाव तोंडीच विचारावा लागे. माझ्या सहा टिंब-वेलांट्यांपायी गावाला वाचता येणारी एक भावयादी गेली. आणि तिची यादी खरोखर चूक होती का? तिची पळी केवढी, हे त्या फळीतल्या पोरासोरांना ठाऊक होतं. ‘पा’ म्हणजे पाव किलो, यात कुणाला शंका नव्हती. त्या पुठ्ठ्यापायी कधी कुणाचा पैसा बुडाला नव्हता.

आता दुसरी पाटी सांगतो. हद्दीपलीकडच्या एका धान्य व्यापाऱ्यानं पाटी रंगवायला दिली. वर पक्की अक्षरं, खाली भावासाठी काळी जागा, तिथं तो रोज खडूनं आकडा टाकणार. मजकूर होता ‘तुवेर, मणनो भाव’. मी साहेबांना दाखवून एकही चूक न ठेवता पाटी उतरवली. तेवढी देखणी पाटी मी क्वचितच काढली असेल.

गुजरातच्या बाजारात मण म्हणजे वीस किलो. तिथल्या मार्केट यार्डातले भावही वीस किलोवर बोलले जातात. त्यांचा जुना मणही चाळीस शेरांचाच, पण शेर लहान, आपल्या ऐंशी तोळ्यांच्या शेराच्या जवळपास निम्मा. किलो आल्यावर त्यांनी तो वीसवर गोल केला, आपण आपला चाळीसवर. शब्द एक, माप दुप्पट. मला हे माहीत होतं. दोन्ही बाजूंना उठबस असलेल्या माणसाला हे माहीत नसेल तर कुणाला असणार? पाटी रंगवताना हात थांबला नाही, एवढंच. मजकूर मालकाचा होता आणि शुद्धलेखन बरोबर होतं.

तुरीच्या दिवसांत आमच्याच गावचे एक दादा त्या पाटीसमोरून गेले. खडूनं आकडा होता 1,400. त्यांनी मनात चाळीसनं भागलं. पस्तीस रुपये किलो, म्हणजे क्विंटलला साडेतीन हजार. आत जाऊन विचारायची लाज वाटली, शिवाय भाव तर समोर लिहिलेलाच होता. ते परत आले आणि गावातल्या खरेदीदाराला 6,200 नं तीन क्विंटल तूर घातली. ‘गुजरातवाले लुटतात रे,’ असंही पारावर सांगून टाकलं. खरा भाव होता सत्तर रुपये किलो, क्विंटलला 7,000. तीन क्विंटलमागे 2,400 रुपये गेले. कुणी काटा मारला नाही, कुणी खोटं बोललं नाही. व्यापारी तर वाईट माणूसही नव्हता. त्याचंही एक गिऱ्हाईक गेलंच की.

मी त्याच्याकडे गेलो. म्हटलं, शेठ, ‘मण’ खोडून ‘20 किलोनो भाव’ लिहू. तो म्हणाला, “अमारे त्यां मण एटले वीस ज ने, बधाने खबर छे.” सगळ्यांना माहीत आहे. हे ‘सगळे’ म्हणजे हद्दीच्या अलीकडचे, आणि पाटी तर पलीकडूनही वाचली जाते, हे त्याला पटवायला दोन चहा लागले. कायदाही सांगून पाहिला. 2009 च्या वजनमापाच्या कायद्याप्रमाणे भाव प्रमाण मापातच सांगायचा, मणात नाही. कायद्यानं तो हलला नाही. तीन क्विंटल तूर त्याच्या दारावरून परत गेली, हे ऐकल्यावर हलला.

रंग माझा, मजुरी घेतली नाही. ‘मणनो’ पुसून त्या जागी ‘20 किलोनो’ बसवताना अक्षरं दाटली, पाटी जरा कुरूप झाली. साहेब असते तर दाटीवरून बोलले असते. खाली मराठीतही लिहिलं, ‘भाव 20 किलोचा’. शेठ म्हणाला, हे कशाला? मी म्हटलं, असू द्या.

मासीकडे मात्र मी नवा पुठ्ठा नेला होता, सगळं तिच्याच शब्दांत, पळीसकट लिहून. तिनं तो घेतला, पण टांगला नाही. डब्याखाली घातला.

दादांची तूर दुसऱ्या वर्षी शेठच्या काट्यावर गेली. पहिली पाटी मी रंगवली होती, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.