वलीमा : वराने द्यावयाची दावत

हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी मदीनेत निकाह केल्याचे कळताच प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना बरकतीची दुआ दिली आणि एका बकरीचा का होईना, पण वलीमा करण्यास सांगितले. हा आदेश वराला होता, वधूच्या पित्याला नव्हे, हे ध्यानात घ्यावे. मेहरप्रमाणेच वलीम्याचा खर्चही वराकडचा. निकाह गुप्त न राहता जाहीर व्हावा आणि अल्लाहच्या या कृपेचे आभार मानले जावेत, हा त्याचा हेतू आहे.

अकीका अपत्यजन्माचा, तर वलीमा निकाहचा. निकाहच्या दिवशी वधूपिता वऱ्हाडाला जे जेवण देतो, ते मात्र वलीमा नव्हे. ते त्याने खुशीने दिले तर पाहुणचार. मागून घेतले तर त्याच्यावर लादलेले ओझे.

वलीम्याला थाटमाट लागत नाही. खैबरहून परतताना हजरत सफिया (रजि.) यांच्याशी झालेल्या निकाहच्या वलीम्यात रोटी नव्हती, मांसही नव्हते. चामड्याच्या दस्तरख्वानावर खजूर, वाळवलेले दही आणि तूप होते. त्यातले काही सोबत्यांनीच आणलेले.

तेव्हा कर्ज काढू नका. यादी करताना एवढेच पाहा, की तीत गरीब शेजाऱ्याचे नाव आहे ना? श्रीमंतांना बोलावून गरिबांना वगळणाऱ्या वलीम्याचे अन्न हदीसमध्ये सर्वांत वाईट ठरविले आहे.