मदत मिळाली, जबाबदारीचे काय?

२१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली. पुरवठ्याचा दाब घसरला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. त्याच दिवशी राज्य सरकारने मृतांच्या वारसांना प्रत्येकी पाच लाखांची मदत जाहीर केली. अशी मदत चटकन मिळते, पण ती देताना चूक कोणाची हे ठरवावे लागत नाही. ते ठरवायचे काम न्यायालयाचे, आणि तिथला रस्ता लांबचा आहे.

राजाच्या चुकीबद्दल राजाच्याच न्यायालयात दाद मागता येत नाही, ही कल्पना इंग्रजांबरोबर आपल्याकडे आली. १८६१ मध्ये मात्र कलकत्त्याच्या न्यायालयाने तिला मर्यादा घातली. सरकारी गोदीतल्या कामगारांच्या निष्काळजीपणाने एका खासगी गाडीचा घोडा जखमी झाला होता. गोदी कोणीही चालवू शकतो, तेव्हा इथे सरकारने भरपाई द्यावी, असा निकाल लागला. जे काम फक्त सत्ताच करू शकते, तेवढ्यापुरते मात्र संरक्षण उरले.

पुढचा सगळा वाद या रेषेवर झाला. १९६५ च्या कस्तुरीलाल खटल्यात मेरठच्या पोलिसांनी जप्त केलेले सोने हवालदाराने लांबवले होते. जप्ती हे सत्तेचे काम, म्हणून सरकार सुटले. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश गजेंद्रगडकर त्यावर समाधानी नव्हते. याबाबत कायदा करावा, असे त्यांनी सुचवले. विधेयक आले, पण कायदा झाला नाही.

मग रुग्णालय कोणत्या बाजूला? १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेनंतर एका बाळंतिणीच्या पोटात कापडाचा बोळा राहिला आणि ती दगावली. दिवाणी न्यायालयाने कुटुंबाला ३६ हजार रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. रुग्णालयातल्या चुकीला सरकार जबाबदार नाही, असेही म्हटले. अच्युतराव खोडवा खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले: रुग्णालय चालवणे हे लोककल्याणाचे काम आहे, सत्तेची ढाल तिथे चालत नाही. तोवर तेहेतीस वर्षे उलटली होती.

तुरुंग आणि कोठडीतही ही ढाल गळून पडली. निर्दोष सुटूनही चौदा वर्षे डांबलेल्या बिहारमधल्या एका कैद्याला १९८३ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने थेट रिट याचिकेवर भरपाई दिली. कोठडीतल्या मृत्यूसाठी हा मार्ग पुढे रुळला.

तरीही दिवाणी दाव्याची वाट खडतरच राहिली. राज्य सरकारवर दावा करण्याआधी सहसा दोन महिन्यांची नोटीस लागते, आणि मृत्यूच्या भरपाईचा दावा दोन वर्षांत दाखल व्हावा लागतो. निष्काळजीपणा सिद्ध करायचे ओझे कुटुंबावर, तर देखभालीच्या नोंदी आणि चौकशी अहवाल प्रशासनाच्या ताब्यात. सरकारचे संरक्षण निकालपत्रांतून जवळपास संपले आहे. पण पुरावा ज्याच्या कपाटात, त्याच्याविरुद्ध लढणाऱ्याला तो फरक फारसा जाणवत नाही.