दरवाजा नेमका किती उघडायचा?

सांडव्याच्या दरवाजांची नियमपुस्तिका मराठीत आणायची म्हटले की सगळे आधी परिभाषेला भिडतात. वक्रद्वार लिहायचे की रेडियल गेट, विमोचक की आउटलेट, यावर बैठकाच्या बैठका होतात. माझ्या अनुभवात या शब्दांनी कधी कुणाचे अडले नाही. धरणावरचा ऑपरेटर दोन्ही शब्द ओळखतो आणि बोलताना तिसराच वापरतो. अडते ते साध्या वाक्यांत, विभक्तीच्या एखाद्या प्रत्ययात.

‘दरवाजे एक फुटाने उघडावेत’ हे वाक्य घ्या. पावसाळ्यात वर्तमानपत्रांत रोज छापून येते आणि वाचणाऱ्याला त्यात काही खटकत नाही. पण दरवाजे आधीच अर्धा फूट उघडे असतील तर? एक फुटापर्यंत न्यायचे, की आणखी एक फूट उचलून दीडवर ठेवायचे? मराठीत दोन्ही अर्थ बसतात. समजा सहा दरवाजे आहेत, प्रत्येक चाळीस फूट रुंद, आणि उंबऱ्यापासून पाण्याची उंची पंचवीस फुटांच्या आसपास. अशा वेळी एक फूट उघडलेल्या एका दरवाजातून ढोबळ मानाने हजार क्युसेक पाणी जाते. सहा दरवाजे एक फुटावर म्हणजे सहा हजार, दीड फुटावर म्हणजे जवळजवळ नऊ हजार. खालच्या गावांना सहा हजारांचा इशारा गेलेला असताना नदीत नऊ हजार उतरले, तर कमी उंचीच्या पुलावरून वाहणाऱ्या पाण्याचा अंदाज पार चुकतो. माणूस बोलताना ‘आणखी’ हा शब्द जोडतो, पण रात्री दोनला, पावसाच्या आवाजात, फोनवर तोच शब्द आधी गळतो.

म्हणून आमच्या मसुद्यातून ‘ने’ काढून टाकला. आदेशात दरवाजाचा क्रमांक, आत्ता तो किती उघडा आहे आणि शेवटी कुठे थांबायचे, एवढे सांगायचे: ‘दरवाजा क्रमांक 3, आत्ता अर्धा फूट, एक फुटावर न्या.’ ऐकणाऱ्याने तेच परत म्हणून दाखवायचे आणि मगच बटण दाबायचे. आत्ताचा आकडा दोघांचा जुळला नाही, तर चूक तिथेच उघडी पडते. इंग्रजी पुस्तिकेत सगळी मापे मीटरमध्ये होती, पण दरवाजा किती उघडला ते दाखवणाऱ्या तबकडीवर आकडे फुटांचे रंगवलेले. आम्ही तबकडीवर जे दिसते तेच लिहिले आणि मीटर शेवटच्या तक्त्यात ठेवले. एका वरिष्ठांना हे अशास्त्रीय वाटले. असेल. पण रात्रपाळीच्या माणसाला 0.3 ने भागायला लावणे अधिक शास्त्रीय आहे, असे मला वाटत नाही.

या तबकडीचीही एक खोड आहे आणि मूळ पुस्तिकेत ती एका तांत्रिक वाक्यात दडलेली होती. तारदोराने उचलल्या जाणाऱ्या दरवाजाची तबकडी बहुधा यंत्राच्या फिरत्या दांड्याला जोडलेली असते. दोर किती गुंडाळला किंवा सुटला, एवढेच ती सांगते; दरवाजा खरोखर कुठे आहे ते नाही. बंद करताना दरवाजा स्वतःच्या वजनाने खाली येतो. मध्ये एखादा ओंडका अडकला किंवा बाजूचे रबरी सील घासून बसले, की दरवाजा जागच्या जागी थांबतो, पण मोटर चालूच, दोर सुटतच राहतो आणि तबकडी निमूट शून्याकडे जाते. मग अडथळा सुटला की तेवढी सगळी उंची दरवाजा एकदम खाली कोसळतो आणि त्या झटक्याने दोर तुटू शकतो. ढिला दोर ओळखून मोटर बंद करणारा स्विच असतो; मात्र पावसाळ्यापूर्वी त्याची चाचणी झाली असेल तरच त्यावर विसंबता येते.

इंग्रजीत सूचना होती की दोर ढिला झाल्यास दरवाजा उतरविणे तत्काळ थांबविण्यात यावे. सरकारी मराठीला असे कर्मणी वाक्य फार आवडते, कारण त्यात करणारा कुणीच नसतो. आम्ही लिहिले: ‘ऑपरेटर: दरवाजा उतरवताना नजर दोरावर ठेवा, तबकडीवर नाही. दोन्ही बाजूंचा कोणताही दोर लोंबकळला की मोटर थांबवा. दोर ताठ होईपर्यंत हळू वर घ्या. मग शाखा अभियंत्यांना फोन करा.’ पुढे आणखी एक ओळ टाकली की तबकडी शून्यावर येऊनही खाली पाण्याची धार दिसत असेल, तर दरवाजा बसलेला नाही असे समजा. ‘मोटर थांबवा’ यावर जरा वाद झाला. साहेबांना न विचारता ऑपरेटरने थांबवायचे कसे? माझे म्हणणे असे की उघडायला परवानगी लागते, थांबवायला लागता कामा नये. शेवटी ते वाक्य तसेच राहिले, फक्त फोनची ओळ ठळक छापली गेली.

कालव्याच्या हेड रेग्युलेटरची गोष्ट निराळी. इथे आणीबाणी हळूहळू तयार होते आणि घाई हाच दोष असतो. आमच्यासमोरच्या पुस्तिकेत पाणी उतरविण्याची मर्यादा दोन आकड्यांत होती: तासाला 15 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, आणि 24 तासांत 30 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. पहिल्या मसुद्यात अनुवादकाने दोन्ही आकडे बिनचूक उतरवले होते, एकाखाली एक. तो मसुदा कालवा निरीक्षकांना दाखवला, तर त्यांनी पहिला आकडा उचलला. दीड मीटर खोलीचा कालवा तासाला 15 सेंटिमीटरने दहा तासांत रिकामा होतो. दुसरी अट पाळली तर त्यालाच पाच दिवस लागतात. अटी दोन्ही एकदम लागू आहेत, हे इंग्रजी वाक्यातल्या ‘आणि’वर सोडून दिले होते, मराठीत ते उघडपणे सांगावे लागले.

कारणही दोन ओळींत दिले, कारण मर्यादा का आहे हे कळले नाही तर ती पाळली जात नाही. कालवा भरलेला असताना अस्तरीकरणामागची माती भिजून पाण्याने भरते. समोरचे पाणी झटकन उतरवले की मागचे तेवढ्या वेगाने निथळत नाही, काळ्या मातीत तर मुळीच नाही. तो दाब अस्तराचे ताव आत ढकलतो, भरावाचा उतार घसरतो. आधी दिसतात त्या भरावाच्या माथ्यावर कालव्याला समांतर पडलेल्या केसाएवढ्या भेगा. चौकीदाराने फेरीत त्या बघायच्या आणि दिसल्या की पाणी उतरवणे तिथेच थांबवून कळवायचे, असे स्वतंत्र कलम घातले.

पुढे वाक्यांऐवजी तक्ताच केला: कोणत्या दिवशी सकाळी गेज किती असावे. 150, 120, 90, 60, 30, मग कोरडा. प्रत्येक दिवसासमोर सहीची जागा. हा तक्ता पाहिल्यावर कालवा निरीक्षकांनी विचारलेला प्रश्न आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता. आवर्तन संपल्यावर पाच दिवस जे उतरते पाणी वाहणार, ते कुणाचे? पाळी संपलेले शेतकरी दारे उघडी ठेवतील, आणि टेलवाले म्हणतील की आम्हाला आमचे पाणी अजून पोचलेले नाही. मूळ पुस्तिका याबद्दल गप्प होती. ती लिहिणाऱ्याला फक्त कालवा वाचवायचा होता. आम्ही तक्त्यात एक रकाना वाढवला, ‘या दिवसाचे पाणी कोणत्या वितरिकेला’, आणि तो आवर्तनाच्या कार्यक्रमाबरोबर उपविभागाने आधीच भरून द्यावा, अशी टीप खाली दिली. अनुवादाच्या कामात नवीन रकाना बसतो का, असा शेरा फायलीवर आला. रकाना अजून आहे. गेल्या हंगामात काही ठिकाणी तो भरला गेला, काही ठिकाणी कोराच राहिला, आणि कोऱ्या तक्त्यांच्या कालव्यांवरून तक्रारी आल्याच.